रेझिनचं घड्याळ आणि तीन प्रश्नांचा मेसेज

प्रकरण नाशिकचं आहे. माझ्या मावसबहिणीने नवा फ्लॅट घेतला आणि वास्तुशांत केली. पत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये' असं छापलं होतं, पण शाळेपासूनच्या मैत्रिणी असल्या ओळी वाचत नाहीत. तिची एक मैत्रीण सांगलीहून खास आली, पंगतीत वाढायलाही उभी राहिली आणि निघताना एक मोठं चपटं खोकं बहिणीच्या हातात देऊन म्हणाली, "आत्ता गर्दीत नको उघडूस. सगळे गेले की निवांत बघ."

रात्री उघडल्यावर आतून रेझिनचं भिंतीवरचं घड्याळ निघालं. दीड फूट व्यासाचं. निळ्या समुद्राच्या लाटा, त्यांवर पांढरा फेस, कडेने सोनेरी वर्ख आणि भरपूर चमकी, सोनेरी आकडे. खालच्या बाजूला नवरा-बायकोच्या नावांची आद्याक्षरं, तीही सोनेरी. मैत्रिणीने वर्षभरापूर्वी रेझिन आर्टचा क्लास केला होता आणि आता ती घरून ऑर्डरी घेऊ लागली होती. घड्याळ तिने स्वतः केलेलं होतं.

बहिणीला ते आवडलं नाही. यात मैत्रिणीच्या हाताचा दोष नव्हता. बहिणीच्या घरी पांढऱ्या भिंती, साधं सागवानी फर्निचर, पडदेसुद्धा खादीचे. चमकीचं तिला लहानपणापासून वावडं. हॉलची मोठी भिंत तिने मुद्दाम मोकळी सोडली होती. बरं, आद्याक्षरं घातलेली असल्यामुळे ते पुढे कुणाला देण्याचाही प्रश्न नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैत्रिणीचा व्हॉट्सअॅपवर मेसेज आला: "पोचले गं घरी सुखरूप. घड्याळ कसं वाटलं? हॉलमध्ये कुठे लावलंस? फोटो पाठव ना!"

बहिणीने मला फोन केला. "ताई, काय लिहू? खोटं बोलायचं नाहीये आणि तिला दुखवायचंही नाहीये." पुढे जे ठरलं आणि जे घडलं, ते तिच्या संमतीने इथे मांडते आहे.

आधी तो मेसेज नीट वाचायला हवा. एका ओळीत तीन प्रश्न आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या जातीचे आहेत. 'कसं वाटलं' हा मताचा प्रश्न. 'कुठे लावलंस' हा माहितीचा. 'फोटो पाठव' म्हणजे पुरावा दे. घाईत उत्तर देणारा माणूस पहिल्या प्रश्नाला गोड बोलतो आणि त्या गोड बोलण्यातच पुढच्या दोन प्रश्नांत अडकतो. बहिणीने टाइप करून ठेवलेला पहिला खर्डा असाच होता: "अगं काय सुंदर आहे! खूप म्हणजे खूपच आवडलं! हॉलमध्येच लावणार!" तीन वाक्यांत दोन खोटी, आणि त्यातलं एक तर भिंतीवर खिळा ठोकून खरं करून दाखवावं लागणार होतं.

असली स्तुती म्हणजे पुढच्या तारखेचा चेक असतो. मैत्रीण दिवाळीत नाशिकला येणार हे आधीच ठरलेलं होतं. आल्यावर ती हॉलची भिंत बघणार. 'खूपच आवडलं' वाचल्यावर पुढच्या वाढदिवसाला त्याच लाटांचा ट्रे, त्याच लाटांचे कोस्टर, दारावरची पाटी असा जोड येणार. शिवाय ती आता हा व्यवसाय करत होती. मैत्रिणीचा शब्द ती मनात धरणार, तशीच आणखी घड्याळं ओतणार, स्टेटसला टाकणार. म्हणजे ते खोटं दोघींपुरतं राहणार नव्हतं, तिच्या कामाच्या निर्णयांत शिरणार होतं. मला हा मुद्दा सगळ्यात गंभीर वाटला. घरात नेहमी बोललं जाणारं 'छान झालंय हं' वेगळं, आणि नव्याने धंद्यात उतरलेल्या माणसाला दिलेली खोटी पावती वेगळी.

दुसरा पर्याय बहिणीच्या यजमानांनी सुचवला: "छान आहे, थँक्यू" आणि पुढे हात जोडलेली इमोजी. खोटं नाही, संक्षिप्त आहे. पण ज्या मैत्रिणीला बहीण एरवी दोन-दोन मिनिटांचे व्हॉइस मेसेज पाठवते, तिला असं तीन शब्दांत उत्तर गेलं तर ती दोन सेकंदांत ओळखेल. समोरासमोर असतो तेव्हा चेहरा बरंच काम करतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅरोलिन सार्नी यांनी 1984 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात शाळकरी मुलांना अपेक्षेपेक्षा नीरस, अगदी तान्ह्या बाळाचं खेळणं भेट दिलं आणि त्यांचे चेहरे टिपले. मोठ्या वयाच्या मुलांना नाराजी झाकणं जास्त जमत होतं. म्हणजे ही कला आपण लहानपणापासून चेहऱ्याने शिकत जातो. लेखी मेसेजमध्ये चेहरा नसतो, आवाज नसतो. शब्द मोजके असले की त्यांच्यातली रिकामी जागाच वाचली जाते.

तिसरा पर्याय म्हणजे सरळ सांगणं, "मला चमकीचं आवडत नाही गं." हे खरं होतं. पण मैत्रिणीने तेव्हा जे विचारलं होतं, त्याचं हे उत्तर नव्हतं. आभाराच्या पहिल्याच मेसेजात निकाल सुनावला तर आभार वाहून जातात आणि निकाल तेवढा लक्षात राहतो. आपल्या आवडीनिवडीचा तपशील सांगण्याची वेळ येते, पण ती प्रवास करून दमून घरी पोचलेल्या मैत्रिणीच्या पहिल्या सकाळी नव्हे.

मग मी बहिणीला एक काम सांगितलं. घड्याळ उन्हात ने आणि दहा मिनिटं नुसतं बघ. आवडतं का, हा प्रश्न बाजूला ठेव. यात काय काय केलंय, तेवढं बघ. आणि तिने काय केलं असेल ते नीट कळावं म्हणून रेझिनचं काम कसं चालतं, तेही मी तिला थोडं सांगितलं.

रेझिन आणि हार्डनर बाटलीवर दिलेल्या प्रमाणातच मिसळावं लागतं. प्रमाण चुकलं तर पृष्ठभाग चिकट राहतो, कधीच नीट घट्ट होत नाही. मिश्रण हळूहळू, बराच वेळ ढवळावं लागतं. घाईने ढवळलं की हवा शिरते आणि बुडबुडे अडकतात. ओतल्यावर वरून हीट गन फिरवून ते बुडबुडे फोडायचे. साचा किंवा पाट किंचितही कलता असेल तर सगळं एका बाजूला वाहतं. लाटांचा फेस काढायचा तर निळ्या थरावर पांढऱ्या रंगाची रेघ सोडायची आणि गरम हवेने ती ढकलायची, तेव्हा पांढरा रंग फाटून त्याची जाळी होते. हवा जास्त झाली तर जाळी विरघळून नुसता दुधट डाग उरतो, कमी झाली तर जाडी पांढरी पट्टी. एक थर वाळायला साधारण दिवस जातो, त्या वेळात वर धूळ पडू द्यायची नाही. लाटांच्या दोन-तीन ओळी म्हणजे तेवढे थर.

बहीण बाल्कनीत घड्याळ तिरकं धरून बघत होती आणि फोनवर सांगत होती. "तीन लाटा आहेत. वरच्या लाटेचा फेस जरा जाड आलाय. मधल्या लाटेची जाळी मात्र इतकी बारीक आहे, ताई, कोळ्याच्या जाळ्यासारखी. बुडबुडा एकही दिसत नाहीये. आणि मागे बघ ना, मागची बाजूपण घासून गुळगुळीत केलीये. मागे कोण बघतं?"

आभाराला लागणारा ऐवज तो हाच. वरच्या लाटेपेक्षा मधल्या लाटेत हात बसत गेलेला दिसत होता. कुणाला दिसणार नाही अशी मागची बाजू तिने घासली होती. आणि सगळ्यात मोठी गोष्ट घड्याळाच्या बाहेरच होती: ती सांगलीहून एवढी जड, फुटणारी वस्तू घेऊन एसटीने आली होती. मांडीवर घेऊन आल्याचं तिनेच पंगतीत कुणाला तरी सांगितलं होतं. यातलं काहीही म्हणायला बहिणीला जीभ अडखळणार नव्हती, कारण हे सगळं खरं होतं आणि तिला ते मनापासून भावलंही होतं.

आपल्याकडे अशा वेळी एक वाक्य हमखास तोंडात येतं: "कशाला गं एवढं? केवढा खर्च केलास!" बहिणीच्या दुसऱ्या खर्ड्यात तेच होतं. प्रेमानेच म्हणतो आपण, पण त्याने भेट देणारीला आपल्या खर्चाचं समर्थन करत बसावं लागतं, आणि बोलणं वस्तूवरून पैशावर जातं. फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल अॅडम्स या संशोधकांनी 2009 मध्ये दाखवलं होतं की भेट जितकी महाग, तितकं कौतुक जास्त होईल असं देणाऱ्याला वाटतं, पण घेणाऱ्याच्या कौतुकाचा किमतीशी तसा संबंध आढळत नाही. मैत्रिणीलाही खर्चाचं कौतुक नकोच होतं. रात्री पोरं झोपल्यावर ती जे करत बसली, ते कुणीतरी बघितलं का, एवढं तिला हवं होतं. ते वाक्य काढून टाकलं.

माहितीच्या प्रश्नाचं काय करायचं, हे मात्र आधी प्रत्यक्ष ठरवावं लागलं. घड्याळ कुठे लावायचं याचा निर्णय झाल्याशिवाय मेसेज पाठवायचा नाही, असं मी तिला सांगितलं. 'बघू, ठरवतेय' असं लिहिलं असतं तर तो प्रश्न आठवड्याने परत आला असता. कपाटात ठेवणं तिला पटत नव्हतं. हॉल नको होता. तिने घरात फिरून बघितलं. मुलांच्या खोलीत आधीच घड्याळ होतं. स्वयंपाकघरात नव्हतं, आणि सकाळी डबे भरताना ती दर पाच मिनिटांनी मोबाइल उचलून वेळ बघायची. तिथली गॅसजवळची भिंत चालणार नव्हती, कारण सततच्या उष्णतेत साधं रेझिन मऊ पडतं. थेट उन्हाची भिंतही नको, उन्हाने ते पिवळं पडत जातं. फ्रीजच्या बाजूची, ओट्यापासून लांबची भिंत उरली. तिथे ऊनही नाही, वाफही नाही. त्याच संध्याकाळी खिळा मारला.

इथे एक मोह टाळायला हवा होता, तो सांगते. 'हॉलमध्ये ऊन येतं ना, पिवळं पडेल म्हणून आत लावलं' असं लिहायला तयार सबब हातात होती, आणि ती तांत्रिकदृष्ट्या बरोबरही होती. पण बहिणीने हॉल टाळला तो उन्हामुळे नव्हे. खरी माहिती खोट्या कारणाच्या जागी वापरली की तेही खोटंच होतं, आणि रेझिन जाणणाऱ्या बाईने लगेच 'मग सोफ्याच्या वरच्या भिंतीवर लाव की, तिथे कुठे ऊन आहे' असं म्हटलं असतं. जे कारण द्यायचं नाही, ते न देणं चालतं. जागा सांगावी, तिथे ती का उपयोगी आहे ते सांगावं, बाकी गप्प राहावं.

शेवटी गेलेला मेसेज असा होता:

"अगं, कालपासून निवांत बसून लिहायचं होतं म्हणून आज उत्तर देतेय. घड्याळ आज उन्हात धरून नीट बघितलं. मधल्या लाटेची ती जाळी कशी काय काढलीस? एवढी बारीक! आणि मागची बाजूसुद्धा घासून गुळगुळीत केलीस, ते बघून मला तू शाळेत वह्यांना कव्हरं घालायचीस ते आठवलं. एवढं जड खोकं मांडीवर धरून तू सांगलीहून आलीस, हे मी विसरणार नाही. स्वयंपाकघरात घड्याळच नव्हतं, तिथे फ्रीजशेजारी लावलंय. सकाळी डब्यांच्या गडबडीत रोज तुझी आठवण निघणार. हा बघ फोटो. तू आलीस, वाढायला उभी राहिलीस, खूप बरं वाटलं गं."

पूर्ण मेसेजात 'सुंदर' नाही, 'खूप आवडलं' नाही. आणि ते नाहीत हे वाचताना जाणवत नाही, कारण जागा भरलेली आहे. 'कशी काढलीस' हा प्रश्न मला त्यात सगळ्यात मोलाचा वाटतो. स्तुती ऐकून माणूस 'चल, काहीतरीच' म्हणतो आणि विषय संपतो. प्रश्न विचारला की त्याला आपलं काम सांगायला मिळतं. मैत्रिणीने त्यावर चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला. हीट गन नव्हती तेव्हा केस वाळवायच्या ड्रायरने पहिली लाट केली आणि ती बिघडली, मग नणंदेने हीट गन आणून दिली, वगैरे. वरच्या लाटेचा फेस जाड का, याचं उत्तर न विचारताच मिळालं.

अशी पत्रं लिहिताना एक गोष्ट मोजून बघावी: यातलं प्रत्येक वाक्य मैत्रीण दिवाळीत घरी आल्यावर तिच्या तोंडावर परत म्हणता येईल का? बहिणीच्या मेसेजातलं प्रत्येक वाक्य या कसोटीला उतरत होतं. 'विसरणार नाही' हेसुद्धा.

पण प्रकरण इथे संपलं नाही. दहाबारा दिवसांनी मैत्रिणीचा फोन आला आणि गप्पांच्या ओघात तिने थेट विचारलं, "ए, खरं सांग हं, तुला घड्याळ आवडलं का? हॉलमध्ये नाही लावलंस म्हणून विचारतेय." चाणाक्ष बाई. आता मताचाच प्रश्न होता, सरळ, एकटा, आणि त्यात 'खरं सांग' हे शब्द होते. मेसेजच्या वेळी जे न बोलणं योग्य होतं, ते आता न बोलणं म्हणजे तिला टाळणं झालं असतं. ही सीमारेषा ओळखता यायला हवी. शिष्टाचाराचा 'कसं वाटलं?' आणि उत्तर ऐकायला थांबलेला 'खरं सांग' यांत फरक असतो. दुसरा असेल तर प्रश्नानंतर समोरचा गप्प होतो. सहज विचारणारी बाई पुढच्या क्षणी दुसरं काही बोलू लागते. मैत्रीण गप्प झाली होती.

बहिणीने सांगितलं, "तुझं काम मला आवडलं, ते मी लिहिलं तसंच आहे. पण मला स्वतःला चमकी आणि सोनेरी रंग घरात फारसा रुचत नाही, माहितीये ना तुला, लग्नात मी शालूसुद्धा बिनजरीचा मागत होते. म्हणून हॉलमध्ये नाही लावलं. स्वयंपाकघरात मात्र मी ते रोज वापरते."

काम आणि आवड अशी फोड तिने केली, आणि आवडीचं ओझं स्वतःकडे घेतलं. 'चमकी जास्त झालीये' असं ती म्हणाली असती तर तो कामाचा दोष ठरला असता, आणि तो दोष नव्हताच. सांगलीत तिच्या निम्म्या गिऱ्हाइकांना चमकीच हवी असते. मैत्रीण थोडी हिरमुसली, हे बहिणीला आवाजावरून कळलं. ते कळल्यावर तिने लगेच सारवासारव केली नाही, हेही मला महत्त्वाचं वाटतं. 'अगं पण खरंच छान आहे हं' अशी मलमपट्टी केली असती तर आधीचं खरं बोलणंही संशयास्पद झालं असतं. ती थांबली. मैत्रीण म्हणाली, "शालूचं विसरलेच होते मी. तुझ्या आईने किती वाद घातला होता!" आणि दोघी त्या वादावर बोलत राहिल्या.

मग मैत्रिणीनेच विचारलं, "बरं, गिऱ्हाईक म्हणून सांग. काही चुकलंय का?" हा तिसऱ्या प्रकारचा प्रश्न. इथे आवड बाजूला ठेवून दोष सांगायचा असतो, आणि तो दुरुस्त करता येण्यासारखा असावा. बहिणीकडे रोजच्या वापरातून आलेलं एक निरीक्षण होतं: खालचे तीन आकडे, पाच, सहा आणि सात, पांढऱ्या फेसावर आलेत आणि सोनेरी असल्यामुळे ओट्यापासून दिसत नाहीत. निळ्यावरचे स्पष्ट दिसतात. मैत्रिणीने तेव्हाच ठरवलं की पुढच्या घड्याळात फेस आकड्यांच्या आत थांबवायचा किंवा आकडे गडद घ्यायचे. हेच वाक्य आभाराच्या मेसेजात गेलं असतं तर टोचलं असतं. विचारल्यावर, वेगळ्या दिवशी, तेच तिच्या उपयोगी पडलं.

हे सगळ्या भेटींना लागू होत नाही. बहिणीच्या सासूबाईंच्या वयाच्या कुणी हाताने विणलेलं काही दिलं असतं आणि 'आवडलं ना गं?' विचारलं असतं, तर मी दुसऱ्या टप्प्यापर्यंत जाऊच नको म्हटलं असतं. त्या प्रश्नात बहुधा उत्तराची नव्हे, जवळ घेण्याची अपेक्षा असते, आणि 'तुम्ही माझ्यासाठी एवढं विणलंत' हे खरं उत्तर तिथे पुरतं. ऑफिसात वर्गणी काढून दिलेल्या भेटीतही आवडीचा खुलासा करण्यात अर्थ नाही, कारण निवड कुणा एकाची नसते. आणि देणारीने वस्तू बघितलेलीच नसेल, शेवटच्या क्षणी दुकानातून उचलून आणली असेल, तर कारागिरीचं कौतुक शोधत बसणं हेच खोटं ठरेल. तिथे ती आली, वेळ काढला, एवढ्याचेच आभार मानावेत. बाल्कनीतल्या दहा मिनिटांत बोलण्यासारखं काही सापडलं, ते वस्तू हाताची होती म्हणून.

दिवाळीच्या आधी मैत्रिणीने एक परवानगी मागितली. बहिणीने पाठवलेला फ्रीजशेजारचा फोटो तिला कामाच्या स्टेटसला टाकायचा होता, खाली 'नाशिकच्या मैत्रिणीच्या हॉलची शोभा' असं लिहून. बहिणीने होकार दिला, फक्त 'हॉलची शोभा'ऐवजी 'स्वयंपाकघरात रोज वापरात' असं लिही म्हणाली. मैत्रिणीने तसंच लिहिलं. त्या स्टेटसवरून तिला स्वयंपाकघरासाठी दोन घड्याळांची ऑर्डर आली, दोन्ही गडद आकड्यांची.